पहाटे तीनची पोटदुखी

दर शनिवारी सकाळी नऊ वाजता आमच्या मेडिसिन विभागाच्या सेमिनार रूममध्ये एक रुग्ण सांगितला जातो. ‘केस प्रेझेंट करणे’ हा त्यासाठी आमचा रोजचा शब्द. पुढच्या रांगेत शिक्षक, त्यांच्यामागे रेसिडेंट डॉक्टर, सगळ्यांत मागे इंटर्न आणि विद्यार्थी. एक रेसिडेंट पुढे येतो आणि आपल्या वॉर्डातल्या एका माणसाचा आजार पहिल्या तक्रारीपासून सांगू लागतो. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी तो रुग्ण पाहिलेला नसतो. आजार काय होता हे सांगणाऱ्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यांनी ते आपल्या डोक्याने शोधायचे असते.

ही पद्धत सव्वाशे वर्षांची आहे. १९०० साली वॉल्टर कॅनन हा हार्वर्डमध्ये वैद्यक शिकणारा विद्यार्थी होता. कायदा शिकणारा त्याचा खोलीसोबती खऱ्या खटल्यांवर तावातावाने चर्चा करत शिकतो आणि आपण मात्र नुसती व्याख्याने ऐकतो, हे त्याला खटकले. वैद्यकही खऱ्या रुग्णांच्या नोंदींवरून शिकवावे, असा लेख त्याने लिहिला. पुढे बोस्टनच्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड कॅबट यांनी ही रीत रुजवली. तिथल्या केसेस आजही छापून येतात आणि जगभरचे डॉक्टर त्या वाचतात.

वाचकांना हा प्रकार समजावून सांगायचा तर एकच केस घेऊन शेवटपर्यंत जावे लागेल. पुढचा रुग्ण आणि त्याची केस मांडणारा रेसिडेंट, दोघेही मी रचलेले आहेत. गेल्या अनेक पावसाळ्यांत पाहिलेल्या सारख्याच रुग्णांचे आणि त्यांच्या केसेस मांडणाऱ्या मुलामुलींचे तपशील मी त्यात एकत्र केले आहेत. केस सांगताना रुग्णाची ओळख पुसून टाकायची असते. नाव, गाव, केसपेपरचा नंबर, चेहरा यातले काही पडद्यावर येता कामा नये आणि फोटो दाखवायचा तर लेखी परवानगी लागते. तोच नियम मी इथेही पाळते आहे.

तर, पहिल्या वर्षाचा एक रेसिडेंट गुरुवारी संध्याकाळी रंगीत तालमीसाठी माझ्याकडे आला. लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, “मॅडम, मण्यार चावल्याची केस आहे.” पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत तेच लिहिले होते, शेजारी सापाचे चित्रही होते.

मी म्हटले, “झाली की मग मीटिंग. आता लोकांनी काय करायचे?”

तो गोंधळला. चूक त्याची एकट्याची नव्हती, नव्याने केस मांडणारे बहुतेक जण इथेच अडखळतात. निदान माहीत झाले की सगळा आजार त्या निदानाच्या चष्म्यातून दिसू लागतो. निदानाशी जुळणारे तेवढे तपशील उरतात आणि न जुळणारे आपोआप गळून पडतात. पण रुग्ण दारात आला तेव्हा त्याच्या कपाळावर मण्यार लिहिलेले नव्हते. डॉक्टरला ज्या क्रमाने गोष्टी कळल्या त्याच क्रमाने त्या ऐकणाऱ्यालाही कळल्या पाहिजेत. म्हणून केसचे नाव निदानावरून न ठेवता तक्रारीवरून ठेवायचे. आम्ही स्लाइड बदलली: ‘३४ वर्षांचा शेतमजूर, पहाटेपासून पोटदुखी आणि डोळे उघडता न येणे’. सापाचे चित्र काढून टाकले.

मग हिस्टरी, म्हणजे रुग्णाची कहाणी. तिची सुरुवात रुग्णाच्या शब्दांत करायची असते. त्याने ‘डिप्लोपिया’ असे लिहून आणले होते. मी विचारले, “तो काय म्हणाला होता?” “बायको एकाच्या दोन दिसतायत म्हणाला, मॅडम.” मग तेच सांग. डिप्लोपिया हा आपण काढलेला अर्थ आहे आणि तो पुढे सांगायला जागा आहे. सुरुवातीलाच अर्थ सांगितला तर तो चुकलाय का, हे तपासायची सोय ऐकणाऱ्याकडे राहत नाही. ‘चक्कर’, ‘अशक्तपणा’, ‘मुंग्या’ हे शब्द तर प्रत्येक माणूस वेगळ्या अर्थाने वापरतो.

त्यानंतर वेळ. या केसमध्ये सगळे घड्याळावर अवलंबून होते आणि त्याच्या स्लाइडवर नुसते ‘एक दिवसापासून’ असे होते. आम्ही केसपेपर समोर घेऊन तासातासाचा हिशेब मांडला. रात्री दहाला भाकरी खाऊन तो झोपला, तेव्हा धडधाकट होता. पहाटे तीनला पोटात कळ येऊन जागा झाला, दोन उलट्या झाल्या. बायकोने ओवा दिला. पाचच्या सुमारास पाणी गिळता येईना, घशात अडकल्यासारखे वाटू लागले, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. सहाला पापण्या खाली आल्या. सातला त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले. तिथे ॲसिडिटीचे इंजेक्शन मिळाले, पण पापण्या पाहून तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता ॲम्ब्युलन्स दिली. साडेनऊला तो आमच्या अपघात विभागात होता. तोवर बोलणे नाकातून येत होते आणि मान उशीवरून उचलता येत नव्हती.

म्हणजे निरोगी माणसाची ही अवस्था साडेसहा तासांत झाली. ‘एक दिवसापासून’ या शब्दांत हा वेग हरवतो आणि निदानाचा निम्मा रस्ता या वेगातच होता. अर्धांग वायू मिनिटांत येतो, नसांना सूज येऊन होणारा लकवा दिवसांत वाढतो, स्नायूंचे जुने आजार महिनेच्या महिने चालतात. तासांत वाढणारी कमजोरी फार थोड्या कारणांनी होते.

कहाणीनंतर येतो तो भाग बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. जे झाले नाही, तेही सांगायचे. ताप नव्हता. डोके दुखत नव्हते. शुद्ध एकदाही हरपली नव्हती. हातापायांना मुंग्या नव्हत्या. याला आम्ही निगेटिव्ह हिस्टरी म्हणतो. इथे नवशिक्याचा दुसरा घोटाळा होतो: पुस्तकातली सगळी यादी तो एका दमात वाचून टाकतो. खोकला नाही, लघवीला जळजळ नाही, सांधेदुखी नाही. ऐकणारे पेंगायला लागतात. ज्या ‘नाही’मुळे एखादा आजार यादीतून खाली जातो, तेवढेच ‘नाही’ सांगायचे. “हे तू का सांगितलेस?” या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते वाक्य गाळावे.

याच यादीत त्याने एक वाक्य वाचले: “साप चावल्याची हिस्टरी नाही.”

मी त्याला थांबवले. “हे कुठून आले?”

“रेफर करताना दिलेल्या चिठ्ठीत होते, मॅडम. आपल्या केसपेपरवर पण तेच लिहिलंय.”

या एका वाक्यावर आम्ही पंधरा मिनिटे घालवली. त्या पंधरा मिनिटांसाठीच मला हा लेख लिहावासा वाटला.

पहिल्या दवाखान्यात काय झाले असेल ते कुणालाही डोळ्यांसमोर आणता येईल. डॉक्टरांनी विचारले असेल, “काही चावलं का? साप वगैरे?” बायको म्हणाली असेल, “नाही.” ती खोटे बोलली नाही. तिने काही पाहिले नव्हते, नवऱ्याला काही जाणवले नव्हते. चिठ्ठीत ते ‘साप चावल्याची हिस्टरी नाही’ असे उतरले. आमच्या इंटर्नने चिठ्ठीवरून ते केसपेपरवर उतरवले. दोनदा लिहिले गेले आणि ‘आम्हाला माहीत नाही’ याचे ‘चावलेला नाही’ झाले.

मण्यारीच्या बाबतीत या दोन वाक्यांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मण्यार रात्री हिंडते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा माणूस जागाही होत नाही. सूज येत नाही, रक्त येत नाही, खूण सापडेलच असे नाही. नाग किंवा घोणस चावली तर बहुतेक वेळा माणसाला कळते, ती जागा सुजते, ठणकते. मण्यार चावलेला माणूस मात्र पोट दुखतेय म्हणून उठतो.

त्या सकाळी अपघात विभागात ड्यूटीवर असलेल्या रजिस्ट्रार डॉक्टरने हा घोळ सोडवला होता आणि तो तिने एका वेगळ्या प्रश्नाने सोडवला. साप चावला का, असे तिने विचारलेच नाही. ती रुग्णाच्या बायकोला म्हणाली, “ताई, रात्री हे कुठे झोपले होते?”

“खाली. गोधडी टाकून. खाटेवर सासूबाई असतात.”

“मच्छरदाणी होती?”

“नाही.”

मीटिंगमध्ये हे जसेच्या तसे सांगायचे, असे मी त्याला बजावले. चिठ्ठीतले वाक्य, मग हा प्रश्न, मग हे उत्तर, याच क्रमाने. त्याला चिठ्ठीतले वाक्य गाळायचे होते. “चूक दिसते ना मॅडम, त्या डॉक्टरांची.” त्याचा भाव चांगला होता. पण दवाखान्याचे नाव न घेता ती चूक सांगता येते आणि ती सांगितली नाही तर पुढचा प्रश्न विचारण्यामागची हुशारीही कळत नाही. शिवाय ती चूक आमच्याही केसपेपरवर होती.

आणखी एक तपशील त्याने गाळला होता. आदल्या दिवशी दुपारी हा माणूस शेतात कीटकनाशक फवारत होता. “त्याचा काही संबंध नव्हता म्हणून काढलं, मॅडम.” संबंध नव्हता हे आज कळते आहे. त्या सकाळी मात्र विषबाधेचा संशय अगदी रास्त होता. काही कीटकनाशकांमुळे एक ते चार दिवसांनी मान, डोळे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात, चित्र अगदी असेच दिसते. ऐकणाऱ्यांची दिशाभूल होईल म्हणून खरा तपशील लपवणे हा अप्रामाणिकपणा आहे. दिशाभूल करणाऱ्या गोष्टी खऱ्या रुग्णाकडेही असतातच. फवारणी परत आत घेतली.

तपासणीतही निवड करावी लागते. नाडी १०४, रक्तदाब १५० वर ९०, श्वास मिनिटाला २८ आणि उथळ, रक्तातील ऑक्सिजन ९३ टक्के. हे चार आकडे सांगून क्षणभर थांबायचे, कारण ऐकणाऱ्याला इथेच कळायला हवे की हा माणूस धोक्यात आहे. मग मज्जासंस्था. दोन्ही पापण्या सारख्याच खाली आलेल्या. बोटाने पापणी वर केली तरी डोळा डावी-उजवीकडे वळत नव्हता. बाहुल्या मोठ्या, उजेडाला मंद प्रतिसाद देणाऱ्या. तोंडात लाळ साठलेली, कारण ती गिळता येत नव्हती. दंड आणि मांड्या कमजोर, पंजांत त्या मानाने ताकद. टाचणी टोचलेली सगळीकडे नीट कळत होती. आणि शुद्ध पूर्ण होती: विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला तो बोटाने होय-नाही सांगत होता.

एक चाचणी मी मुद्दाम सविस्तर सांगायला लावली, कारण तिला काहीही सामान लागत नाही. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगायचे आणि त्याच एका श्वासात एक, दोन, तीन असे मोठ्याने मोजायला लावायचे. धडधाकट माणूस सहज तीसच्या पुढे जातो. आमचा रुग्ण आठवर थांबला. दहा मिनिटांनी पुन्हा मोजायला लावले तर पाचवर. ऑक्सिजनचा आकडा अजून बरा दिसत होता, पण छातीचा भाता थकत चालला होता. केवळ यंत्रावरच्या ९३ वर विसंबून बसले असते तर उशीर झाला असता.

त्वचा इंच-इंच पाहिली, केसांतही पाहिले. चावल्याची खूण सापडली नाही. स्लाइडवर लिहिले होते ‘दंशाची खूण नाही’. आता त्यानेच स्वतःहून ते बदलले: ‘दंशाची खूण दिसली नाही’.

यानंतरची पायरी सगळ्यांत अवघड आणि बहुतेकांकडून सुटणारी. आतापर्यंतचे सगळे एका वाक्यात बांधायचे. त्या वाक्यात वय आणि व्यवसाय यावा, वेग यावा, ठळक चित्र यावे आणि निदान येऊ नये. त्याने पहिल्यांदा केलेले वाक्य आठ ओळींचे होते. तिसऱ्या प्रयत्नात जमले: “पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला ३४ वर्षांचा निरोगी शेतमजूर; पहाटे पोटदुखीने सुरुवात होऊन साडेसहा तासांत डोळ्यांकडून खाली उतरत गेलेली, दोन्ही बाजूंना सारखी कमजोरी; शुद्ध आणि स्पर्श शाबूत; श्वास धोक्यात.” जिल्ह्याच्या गावाहून रात्री दोन वाजता फोन आला आणि पलीकडचा डॉक्टर असे एक वाक्य बोलू शकला, तर इकडचा डॉक्टर अंथरुणात बसल्या बसल्या योग्य सल्ला देऊ शकतो. मी हे अनेकदा अनुभवले आहे.

आता डिफरन्शियल डायग्नोसिस, मराठीत विभेदक निदान. एकाच चित्राला कोणकोणते आजार बसू शकतात आणि त्यातला कोणता सर्वांत जास्त बसतो, याचा हिशेब. रेसिडेंटने बारा आजारांची यादी आणली होती. नुसत्या यादीतून विचार दिसत नाही. मज्जासंस्थेच्या आजारांत जुने शिक्षक एक शिस्त लावायचे: आधी बिघाड कुठे आहे ते सांगा, मग काय आहे ते सांगा. मला ती शिस्त अजूनही सर्वांत भरवशाची वाटते.

बिघाड कुठे? मेंदूत असता तर शुद्ध हरपली असती किंवा एक बाजू जास्त कमजोर झाली असती. मणक्यातल्या मज्जारज्जूत असता तर पापण्या पडल्या नसत्या आणि ठरावीक पातळीखाली स्पर्श कळला नसता. नसांमध्ये असता तर मुंग्या, बधिरपणा यांची काही तरी चाहूल अपेक्षित होती. स्पर्श साबूत, शुद्ध साबूत, दोन्ही बाजू सारख्या आणि सुरुवात डोळ्यांच्या इवल्या स्नायूंपासून. हे सगळे एका जागेकडे बोट दाखवते: नस जिथे स्नायूला हुकूम देते, तो सांधा. बारा आजारांतले सात-आठ इथेच बाजूला पडले.

मग त्या सांध्यावर काय झाले? उरलेल्या प्रत्येकाला बाजूने आणि विरुद्ध असे दोन्ही पुरावे मांडायचे. मायस्थेनिया या आजारात पापण्या अशाच पडतात, पण त्याची कुणकुण आठवडे-महिने आधी लागते आणि बाहुल्या मोठ्या होत नाहीत. बॉट्युलिझम म्हणजे खराब डबाबंद अन्नातून होणारी विषबाधा. कमजोरी तशीच वरून खाली उतरते, बाहुल्याही मोठ्या होतात, उलट्याही होतात. तो फार जवळचा प्रतिस्पर्धी होता. पण रात्रीची भाकरी आणि भाजी घरातल्या सगळ्यांनी खाल्ली होती, बाकी कुणाला काही झाले नव्हते, आणि आपल्याकडे हा आजार अगदी विरळा आहे. कीटकनाशकाच्या बाजूने फवारणी होती, मानेची कमजोरी होती. विरुद्ध असे की त्या उशिरा येणाऱ्या कमजोरीआधी घाम, लाळ, जुलाब, बारीक बाहुल्या असा विषबाधेचा पहिला झटका येऊन गेलेला असतो. याला फवारणीनंतर काहीही झाले नव्हते, संध्याकाळी तो नीट जेवला होता आणि बाहुल्या मोठ्या होत्या.

गिलान-बारे हा नसांचा लकवा सांध्याच्या यादीत बसत नव्हता, तरी त्याच्यावर चर्चा झाली, कारण अशा रुग्णांना हे लेबल चुकून लागते. तो साधारणपणे पायांकडून वर चढतो आणि त्याला दिवस लागतात. सकाळी उठल्यावर अचानक लुळेपणा आणणारे आणखी एक कारण म्हणजे रक्तातले पोटॅशियम घसरणे. पण त्यात डोळे सहसा सुटतात आणि इथे पोटॅशियम ३.८ होते.

उरली मण्यार. वेळ, ऋतू, जमीन, पोटदुखी, उतरती कमजोरी, मोठ्या बाहुल्या हे सगळे तिच्या बाजूने. विरुद्ध एकच गोष्ट, ती म्हणजे खूण नाही. आणि या सापाच्या बाबतीत त्या विरोधाला वजन नाही.

तपासण्या यानंतर सांगायच्या. आधी सांगितल्या तर विचार करायला काही उरत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवले, ते नीट गोठले. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने ते बहुधा गोठले नसते. कीटकनाशकाची रक्तचाचणी नॉर्मल आली, पण तिचा अहवाल दोन दिवसांनी मिळाला, हेही सांगायला हवे. उपचाराचा निर्णय त्या अहवालाविना झाला होता. सापाचे कोणते विष रक्तात आहे हे सांगणारी चाचणी आपल्याकडे रोजच्या वापरात नाही. त्यामुळे स्लाइडवर ‘खात्रीचे निदान’ लिहिलेले होते ते आम्ही ‘बहुधा मण्यारदंश’ असे केले. साप कुणी पाहिला नाही, सापडलाही नाही. जेवढे माहीत आहे तेवढेच म्हणावे.

उपचाराचा भाग थोडक्यात आटोपला. सव्वादहाला श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावला. सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या दहा कुप्या, ॲलर्जी आली तर हाताशी ॲड्रेनलिन ठेवून, शिरेतून दिल्या. सुधारणा दिसली नाही म्हणून नियमाप्रमाणे आणखी दहा दिल्या आणि थांबलो. सांध्यावरचा हुकूम वाढवणारे निओस्टिग्मिन देऊन पाहिले, उपयोग झाला नाही, थांबवले. मण्यारीचे विष नसेचे टोकच निकामी करते. एकदा ते निकामी झाले की प्रतिविषाने परत येत नाही, टोक पुन्हा तयार व्हायला काही दिवस जावे लागतात. तोवर यंत्राने श्वास चालू ठेवणे हाच उपचार. या माणसाला ते पाच दिवस लागले.

त्या पाच दिवसांतली एक गोष्ट रेसिडेंटने स्लाइडवर घातलीच नव्हती. बोलता बोलता सांगितली. दुसऱ्या रात्री रुग्ण संपूर्ण लुळा पडला. पापण्या बंद, बाहुल्या ताठ, टॉर्च मारला तरी हलेनात. नातेवाइकांना कुणी तरी ‘आता काही राहिले नाही’ असे सांगून टाकले होते आणि ते घरी न्यायची भाषा करत होते. या मुलाने बोटाने त्याची पापणी उचलून धरली, चेहरा त्याच्या नजरेसमोर आणला आणि म्हणाला, “दादा, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा.” मग पायाशी जाऊन चादर बाजूला केली. डाव्या पायाचा अंगठा हलला, इतका थोडा की सिस्टरांनी पुन्हा सांगायला लावले. पुन्हा हलला. त्याने बायकोला आत बोलावले आणि तो अंगठा दाखवला.

“हे का नाही घेतलंस?” मी विचारले.

“हे फाइंडिंगमध्ये कुठे बसवायचं ते कळलं नाही, मॅडम.”

ते शिकण्याच्या मुद्द्यांत बसवले आणि तिथे ते पहिले ठेवले. मेंदू जिवंत असताना मण्यारीचे विष माणसाला मेल्यासारखा दाखवू शकते. स्नायू लुळे आहेत तोवर ताठ बाहुल्यांवरून मेंदू गेल्याचे ठरवता येत नाही. शिकण्याचे मुद्दे लिहिताना बहुतेक जण पुस्तकातला धडा उतरवतात: मण्यारीच्या जाती किती, विषात काय काय असते. ते कोणीही वाचू शकतो. मुद्दा असा हवा की तो याच रुग्णामुळे कळला आणि सोमवारी वॉर्डात वापरता येईल. आम्ही तीनच ठेवले. दुसरा, पावसाळ्यात पहाटे पोट दुखत आलेल्या माणसाच्या पापण्या पाहा आणि तो कुठे झोपला होता ते विचारा. तिसरा, केसपेपरवर ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ वेगळे लिहा.

शनिवारी त्याने केस अकरा मिनिटांत मांडली. एका वाक्यातल्या सारांशानंतर तो थांबला आणि विद्यार्थ्यांना निदान विचारले. पहिला हात वर केलेल्या मुलीने कीटकनाशक सांगितले, दुसऱ्याने गिलान-बारे. मागून एका इंटर्नने विचारले, “सर, मच्छरदाणी होती का?” ती इंटर्न ग्रामीण रुग्णालयात तीन महिने काढून आली होती.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातली बहुसंख्य खेड्यांतली. म्हणून वाचकांना एक विनंती. घरातले कुणी अचानक आजारी पडले आणि तुम्ही त्यांना दवाखान्यात नेलेत तर शेवटचे धडधाकट कधी होते, पहिली तक्रार किती वाजता, त्यानंतर काय आणि किती वाजता, रात्री कुठे झोपले होते, आदल्या दिवशी काय काम केले, एवढे वाटेतच एका कागदावर लिहून घ्या. डॉक्टरांनी विचारले आणि तुम्हाला ठाऊक नसेल तर ‘नाही’ म्हणू नका, ‘माहीत नाही’ म्हणा. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपावे लागत असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचून झोपा.